मावसभावाला आलेला स्क्रीनशॉट: विमानतळावरची नोकरी खरी की गंडवागंडवी?

घाटावरची_सई | 14 जानेवारी, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. काल आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने दोन स्क्रीनशॉट टाकले आणि खाली लिहिलं, "पप्पूला विमानतळावर नोकरी लागली, अंबाबाई पावली." ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. मला मात्र पहिल्या वाचनापासूनच पोटात गोळा आलाय. पण मी एकटीच खोडा घालणारी ठरू नये म्हणून आधी इथे विचारते. भाऊ बी.कॉम. आहे, औशाजवळच्या गावात राहतो, दोन वर्षं भरतीचे अर्ज भरतोय.

मजकूर जसाच्या तसा देते, नंबर आणि नावं वगळून.

पहिला स्क्रीनशॉट, व्हॉट्सॅपचा: "प्रिय उमेदवार, नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ येथे ग्राउंड स्टाफ, ग्राहक सेवा या पदासाठी आपली निवड झाली आहे. मासिक वेतन 32,500 रुपये, निवास व भोजन मोफत. गणवेश व गेटपास शुल्क 6,400 रुपये असून ते पहिल्या पगारासोबत परत मिळेल. रक्कम 24 तासांत न भरल्यास जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवारास देण्यात येईल."

दुसरा म्हणजे निवडपत्राचा फोटो. वर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का आणि 'एचआर मॅनेजर'ची सही, पत्ता वाशीचा. तळाला बारीक अक्षरात जीएसटी नंबर. ज्या नंबरवरून मेसेज आला तो भाग कापलेला आहे.

फोनवर दहा मिनिटं मुलाखतही झाली म्हणे. आता काय पाहू, कसं ठरवू?

---

विनूदादा_नागपूर | 14 जानेवारी, रात्री 10:05

सई, घाबरू नकोस. जीएसटी नंबर आहे ना? जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघ, लॉगिन लागत नाही. नंबर चालू दिसला तर संस्था खरी. खोटी माणसं जीएसटी भरत बसत नाहीत. शिवाय मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका नाहीत. फसवणुकीच्या मेसेजमध्ये ढीगभर चुका असतात, हा माझा ठोकताळा आहे.

---

कडूकारलं | 14 जानेवारी, रात्री 10:11

शुद्धलेखनावरून ठरवायचं तर आमच्या तहसीलची अर्धी परिपत्रकं खोटी निघतील.

---

घाटावरची_सई | 14 जानेवारी, रात्री 10:32

विनूदादा, टाकला नंबर. चालू दाखवतोय. म्हणजे खरंच असेल का? आता माझीच पंचाईत झाली.

---

हिशेबनीस | 14 जानेवारी, रात्री 11:20

सांगलीत जीएसटीची कामं करतो, म्हणून बोलतो. नंबर चालू आहे याचा अर्थ तो नंबर कुणाचा तरी खरा आहे, इतकाच. तो हे पत्र पाठवणाऱ्याचा आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. दुकानाच्या कुठल्याही बिलावर तो छापलेला असतो, तिथून उचलायला दोन सेकंद पुरतात.

पण नंबर वाचता आला तर बरंच कळतं. सई, पूर्ण नंबर इथे टाकू नका, फक्त तीन गोष्टी सांगा. पहिले दोन आकडे कोणते? सहावं अक्षर कोणतं? आणि पोर्टलवर नंबर शोधल्यावर व्यवसायाचा प्रकार काय दाखवतो, तिथे प्रोप्रायटरशिप, पार्टनरशिप असं काहीतरी येतं.

---

घाटावरची_सई | 14 जानेवारी, रात्री 11:41

पहिले दोन 09. सहावं अक्षर P. आणि हो, प्रोप्रायटरशिप लिहिलंय. नावापुढे 'एंटरप्रायझेस' आहे.

---

हिशेबनीस | 15 जानेवारी, सकाळी 7:15

मग ऐका. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. तुमच्या पत्रावर पत्ता वाशीचा आणि नंबर 09 म्हणजे उत्तर प्रदेशचा. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर C, एकटा माणूस असेल तर P. पॅनचं चौथं म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं. तुमच्याकडे तिथे P आहे.

थोडक्यात, केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या पत्राखाली उत्तर प्रदेशातल्या कुणा एका दुकानदाराचा नंबर आहे. त्या बिचाऱ्याला बहुधा याचा पत्ताही नसेल, त्याला फोन करून झापू नका.

विनूदादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. नंबर तपासायलाच हवा. पण तपासणी एकाच बाजूने चालते. नंबर जुळला नाही तर पत्र खोटं, हे नक्की. नंबर जुळला तर काहीच नक्की नाही. या ठगाने आळस केला. उद्याचा ठग 27 ने सुरू होणारा, C असलेला एखाद्या खऱ्या कंपनीचा नंबर उचलेल, तेव्हा माझी ही युक्ती फुकट.

---

विनूदादा_नागपूर | 15 जानेवारी, सकाळी 8:02

मान्य. सहाव्या अक्षराचं माहीत नव्हतं. स्वतःचा नंबर काढून बघितला, खरंच P आहे.

---

शुभदा_क | 15 जानेवारी, सकाळी 8:30

आमच्या आईला पण असंच आलंय, 25 लाखांची लॉटरी लागली म्हणून. टीव्हीवरच्या त्या करोडपतीच्या कार्यक्रमाचं नाव आहे, सोबत ऑडिओ पण आहे. त्यात जीएसटी नंबर नाहीये. मग कसं तपासायचं? सहावं अक्षर कुठून बघू?

---

कडूकारलं | 15 जानेवारी, सकाळी 8:44

शुभदाताई, आईने तिकीट काढलं होतं का? नाही ना. मग न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही. त्या मेसेजात तपासण्यासारखं काही नाही, नंबर ब्लॉक करा आणि आईला चहा द्या.

---

टर्मिनलवाला | 15 जानेवारी, दुपारी 2:50

ड्यूटीवरून आलो आणि धागा दिसला. मुंबई विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये अकरा वर्षं काढलीत. मला तर जीएसटीपर्यंत जायची गरजच वाटली नाही, पत्राचा माथा वाचूनच हसू आलं.

नवी मुंबईचा विमानतळ प्राधिकरण चालवत नाही. तो खासगी भागीदारीतला आहे. त्यासाठी वेगळी कंपनी आहे आणि तिच्यात सिडकोचा 26 टक्के हिस्सा आहे. तिथे प्राधिकरणाची माणसं आहेत ती विमान वाहतूक नियंत्रणाची, म्हणजे टॉवरवाली. काउंटरवर बोर्डिंग पास देणारा पोरगा विमान कंपनीचा असतो किंवा हँडलिंग एजन्सीचा. त्याला प्राधिकरण निवडपत्र देईल कशाला? 25 डिसेंबरला तिथून विमानं उडायला लागली, बातम्या सगळ्यांनी पाहिल्या, आणि लगेच ही दुकानं उघडली.

दुसरं, गेटपास. आमच्या भाषेत त्याला एईपी म्हणतात. तो देते नागरी विमान सुरक्षा खात्याची यंत्रणा. उमेदवार स्वतः पैसे भरून तो घेत नाही. अर्ज नोकरी देणारी कंपनी करते, आधी पोलीस पडताळणी होते आणि मग पास मिळतो. माझ्या वेळी पोलीस घरी येऊन गेले तेव्हा आईला वाटलं पोराने काहीतरी केलं. "24 तासांत 6,400 भरा, पास तयार" असं तिथे काही नसतं.

गणवेशाचं मात्र छातीठोक सांगत नाही. काही ठेकेदार पगारातून कापून घेतात, ते डोळ्यांनी पाहिलंय. पण रुजू व्हायच्या आधी रोख मागणारा मला अजून भेटला नाही.

---

रानजाई | 15 जानेवारी, दुपारी 3:35

म्हणजे सरळ नियम असा की पैसे मागितले की फसवणूक. बाकी तपासत बसायचं कशाला?

---

हिशेबनीस | 15 जानेवारी, संध्याकाळी 6:10

रानजाई, गावाकडच्या पोरांना हा नियम पटत नाही, आणि त्यांचं चुकतही नाही. 2023 च्या तलाठी भरतीला खुल्या वर्गाला अर्जाचे 1,000 रुपये होते. सईच्या भावाने दोन वर्षांत असे किती भरले असतील विचारा. सरकार पैसे घेतं हे त्याला अनुभवाने माहीत आहे. म्हणून "नोकरी देणारे कधी पैसे मागत नाहीत" असं तुम्ही म्हणालात की तो मनात म्हणतो, यांना काय कळतंय.

त्याला सांगायचं ते असं. पैसे कधी मागितले आणि कुणाच्या नावावर गेले, हे बघ. भरतीचं शुल्क अर्ज करताना घेतात, परीक्षेच्या आधी, सगळ्यांकडून, संकेतस्थळावरूनच, आणि त्याची रक्कम जाहिरातीत छापलेली असते. इथे निवड झाल्यावर मागतायत, एकट्याकडून, व्हॉट्सॅपवर.

आणि नाव बघणं तर फार सोपं आहे. 30 जून 2025 पासून यूपीआयच्या अॅपांना पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं. सई, त्यांनी क्यूआर किंवा यूपीआय आयडी दिला असेल तर भावाला तो अॅपमध्ये घालायला सांगा, नाव वाचायला सांगा आणि तिथेच थांबायला सांगा. पिन टाकायचा नाही.

---

घाटावरची_सई | 15 जानेवारी, रात्री 9:15

झालं ते सांगते. आज भावाशी सविस्तर बोलले. सुरुवातीला चिडला. "तुला पुण्यात नोकरी आहे म्हणून तू बोलतेस" म्हणाला. ते लागलं मला, पण त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. टर्मिनलवाल्यांचं टॉवरचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा जरा शांत झाला.

क्यूआर होता. स्कॅन केल्यावर एका बाईचं नाव आलं, पुढे कंपनी नाही की प्राधिकरण नाही. त्याने त्या 'एचआर'ला विचारलं तर उत्तर आलं, "त्या आमच्या अकाउंट्स विभागातल्या मॅडम आहेत."

मग मी त्याच्याकडून फोन करवला. म्हटलं, सांग की मी परवा वाशीला येतो आणि ऑफिसात विमानतळ कंपनीच्या नावाने डिमांड ड्राफ्ट देतो. समोरचा म्हणाला, "ऑफिस सिक्युरिटी झोनमध्ये आहे, बाहेरच्यांना प्रवेश नाही." बाहेरच्यांना प्रवेश नाही, पण याला तर नोकरी लागलीये ना? हे भावालाच सुचलं, मी नाही बोलले.

आता वाईट बातमी. 1,850 रुपये 'नोंदणी शुल्क' त्याने आठवड्यापूर्वीच भरलेत. आणि आधार, पॅन आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवलेत. मावशीला यातलं काही माहीत नाही.

---

कडूकारलं | 15 जानेवारी, रात्री 9:22

1,850 गेले, 6,400 वाचले. कागदपत्रांची काळजी जास्त.

---

हिशेबनीस | 15 जानेवारी, रात्री 10:40

1930 वर फोन करा, आत्ताच. किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. रक्कम लहान आहे म्हणून लाजू नका. आठवडा झाला, म्हणजे पैसे त्या खात्यातून पुढे सरकले असणार, परत मिळतील असं मी सांगणार नाही. हा फोन पहिल्या तासा-दोन तासांत झाला तर खात्यातच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. तरी तक्रार करायची ती दोन कारणांसाठी. त्या खात्यावर नोंद होते. आणि उद्या भावाच्या कागदांवर कुणी उद्योग केला तर "माझे कागद अमुक तारखेला ठगांकडे गेले होते" हे दाखवायला पोचक्रमांक हातात राहतो.

तक्रारीला व्यवहाराचा क्रमांक लागेल. तो त्याच्या अॅपच्या इतिहासात मिळेल. त्या माणसाशी झालेलं चॅट पुसू देऊ नका. राग आला की पोरं आधी ब्लॉक करून सगळं डिलीट करतात.

कागदांचं म्हणाल तर संचार साथीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. आज बघा, महिन्याने परत बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' असं कळवता येतं. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

---

अमोल_आष्टी | 15 जानेवारी, रात्री 11:30

मी दोन वर्षांपूर्वी एका 'एव्हिएशन क्लास'ला 45,000 भरले. सहा महिने शिकवलं, गणवेश दिला, विमानतळाची एक सहल पण काढली. 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलं होतं. शेवटी मॉलमध्ये सेल्समनची मुलाखत लावून दिली आणि म्हणाले, प्लेसमेंट झाली. हे काय धरायचं? पावती आहे, ऑफिस आहे, माणसं खरी आहेत. इथे सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांत तो क्लास पास झाला असता.

---

टर्मिनलवाला | 16 जानेवारी, सकाळी 6:05

अमोल, माझ्याबरोबरची निम्मी पोरं असल्या क्लासमधूनच आलीत, आणि निम्म्यांना तिथे शिकलेलं काही कामाला आलं नाही. त्यामुळे मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

---

हिशेबनीस | 16 जानेवारी, सकाळी 8:20

अमोलराव, माझ्या मते हे ग्राहक मंचाचं प्रकरण होतं. जाहिरातीत दिलेला शब्द पाळला नाही म्हणून. मॉलची मुलाखत म्हणजे प्लेसमेंट की नाही, यावर तिथे वाद घालता आला असता. दोन वर्षं उलटली असतील तर मुदतीचा प्रश्न येईल, एखाद्या वकिलाला कागद दाखवा.

---

रानजाई | 16 जानेवारी, सकाळी 9:10

एक बाळबोध प्रश्न. आपण इतकं सगळं ठरवलं ते मजकुरावरून. स्क्रीनशॉटमध्ये नंबर कापलेला होता. मग स्क्रीनशॉट बघून काही कळतं की नाही?

---

हिशेबनीस | 16 जानेवारी, दुपारी 1:30

प्रश्न बाळबोध नाही. स्क्रीनशॉट म्हणजे मेसेजचा फोटो, आणि फोटोत नेमकं कामाचं तेच मरतं. लिंक असेल तर ती दाबून धरून कुठे जाते ते बघता येत नाही, नुसती निळी अक्षरं दिसतात. पाठवणाऱ्याचा नंबर, तो कॉन्टॅक्टमध्ये नाही ही व्हॉट्सॅपची सूचना, मागचं-पुढचं बोलणं, सगळं चौकटीबाहेर राहतं. घरच्या ग्रुपवर तो मावशीच्या नावाने येतो, म्हणून विश्वास मावशीवर बसतो. ठगाचं अर्धं काम तिथेच होतं.

म्हणून मी कुणाचाही स्क्रीनशॉट आला की आधी मूळ फोन मागतो, किंवा निदान न कापलेलं चित्र. लिंक असेल तर दाबू नका, दाबून धरा आणि कॉपी करून मलाच मेसेजमध्ये चिकटवा. मग पत्ता वाचायचा तो https:// सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपासून मागे. उदाहरणार्थ:

```
https://maharashtra.gov.in.bharti.example/apply
```

यात डोळा gov.in वर जातो. पण मालक आहे त्या तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा, म्हणजे bharti.example. अलीकडचं सगळं त्याने हवं तसं लिहिलंय. शेवटचं example मी मुद्दाम घातलंय, ठगाची फुकट जाहिरात नको.

स्क्रीनशॉट पाहून "हा खोटा" असं मी अनेकदा सांगू शकतो. "हा खरा" असं एकदाही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. खरं असेल तर ते त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, मी स्वतः टाइप करून गेलो तरी सापडेल.

---

विनूदादा_नागपूर | 16 जानेवारी, दुपारी 2:15

आणि डीपीवर निळी खूण असली तर? आमच्या सोसायटीत एकाने तेच दाखवलं.

---

टर्मिनलवाला | 16 जानेवारी, दुपारी 2:40

डीपीच्या गोलाच्या आत असेल तर ती त्याने फोटोतच रंगवलीये. खरी खूण नावाशेजारी येते, चित्रात नाही. पण खूण असली तरी गेटपासचे 6,400 मागत असेल तर खुणेचं लोणचं घाला.

---

घाटावरची_सई | 17 जानेवारी, रात्री 8:50

1930 ला दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. पोचक्रमांक मिळाला. भावाच्या नावावर दोनच सिमकार्डं आहेत, दोन्ही त्याचीच. मावशीला मी आणि भावाने मिळून सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "शेजारच्या मंगलच्या पोराला पण त्याच माणसाचा नंबर दिलाय यानं." त्या मुलाने अजून पैसे भरले नव्हते. त्याच्या वडिलांना अजूनही वाटतंय की आम्ही जळतोय. त्यांना कसं समजवायचं ते मला कळत नाहीये.

आज संध्याकाळी त्या 'एचआर'चा परत मेसेज आला. 6,400 जमत नसतील तर निम्मे भरा, जागा धरून ठेवतो. भावाने त्याचा स्क्रीनशॉट काढून स्वतःहून मला पाठवला. यावेळी नंबर कापला नव्हता.